घरच्या लॅबमधलं निरीक्षण परिषदेत मांडण्याजोगं आहे का? पहिलाच प्रस्ताव आहे, मदत हवी

मेधा_तासगाव

नमस्कार मंडळी. मी तासगावची, नोकरी सांगलीत. आजवर कुठल्याही व्यासपीठावर बोललेले नाही. ओपन सोर्सवाल्यांच्या एका परिषदेसाठी प्रस्ताव पाठवायचा आहे आणि रविवारी रात्री मुदत संपते. आधी माझं निरीक्षण सांगते, मग प्रश्न विचारते.

आमच्या बागेत पानांचा ओलावा मोजणारे तीन सेन्सर आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर दावण्याचा अंदाज घ्यायला बाबांना ते आकडे लागतात. प्रत्येक सेन्सरला स्वतःची बॅटरी आहे. घरात एक रास्पबेरी पाय आहे आणि त्याला जुन्या लॅपटॉपची हार्डडिस्क यूएसबी खोक्यात घालून जोडली आहे. सेन्सर नोंद पाठवतो, पाय ती एसक्यूलाइटमध्ये लिहितो आणि `commit` झाल्यावरच "मिळालं" असं उलट कळवतो. ते कळल्यावर सेन्सर स्वतःजवळची प्रत पुसतो. म्हणजे वीज गेली तरी नोंद हरवायला नको, कारण पाय बंद असेल तर सेन्सर ती धरून ठेवतो.

तरी नोंदी हरवत होत्या. प्रत्येक नोंदीला क्रमांक असल्यामुळे मधली गळती लगेच दिसते. उन्हाळ्यात वळवाच्या पावसात हे जास्त झालं. आमच्याकडे लाइट परत येते तेव्हा एकदाच येत नाही, दोन-तीनदा झपकी मारून मग टिकते. पहिल्यांदा आली की पाय सुरू होतो, तिन्ही सेन्सर साठलेल्या नोंदी भराभर देतात, "मिळालं" ऐकतात, पुसतात, आणि तेवढ्यात परत लाइट जाते. गळती बरोबर तिथेच सापडते.

मग मी मुद्दाम चाचणी केली. पाय नोंद लिहून झाली की तिचा क्रमांक नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपला कळवतो. लॅपटॉप बॅटरीवर असतो.

```python
db.execute("INSERT INTO t(n) VALUES (?)", (n,))
db.commit()
sock.sendall(b"%d\n" % n)
```

हे चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करायचं. परत चालू झाल्यावर डेटाबेसमधला शेवटचा क्रमांक आणि लॅपटॉपला कळलेला शेवटचा क्रमांक ताडून पाहायचा. डेटाबेसमध्ये एखादा जास्त असला तर चालतं, तो कळवायच्या आत वीज गेली एवढंच. कमी असला तर नोंद हरवली. २० वेळा वीज तोडली, १६ वेळा नोंदी हरवल्या. एकदा ६१२ हरवल्या. दोनदा तर `database disk image is malformed` आलं.

तीच डिस्क खोक्यातून काढून जुन्या डेस्कटॉपला थेट साटा केबलने जोडली. २० पैकी एकदाही हरवलं नाही. वेगातही मोठा फरक होता. खोक्यात सेकंदाला ८४० `commit`, थेट जोडल्यावर फक्त २१.

प्रस्तावाचं नाव ठरवलंय: "तुमची यूएसबी डिस्क खोटं बोलते". हे बोलण्याएवढं मोठं आहे का? की सगळ्यांना ठाऊक असलेलीच गोष्ट आहे?

हळदबाजार

माझ्या मते हा प्रश्न वीस मिनिटांत सुटतो. चांगला यूपीएस घ्या. पाय केवढी वीज खातो? साधा छोटा यूपीएससुद्धा त्याला तासभर धरेल. आमच्या दुकानात बिलिंगचा संगणक असाच आहे, आठ वर्षांत एक नोंद गेली नाही.

मेधा_तासगाव

काका, इन्व्हर्टर आहे आमच्याकडे. उन्हाळ्यात दुपारी चार-पाच तास वीज नसली की बॅटरी बसते आणि मग हे सगळं होतं. शिवाय मला फक्त माझा त्रास घालवायचा नाही. एसक्यूलाइट "लिहिलं" म्हणते आणि ते लिहिलेलं नसतं, हे का होतं ते मला समजून घ्यायचं आहे.

विटेकर

मला कारण दिसतंय. तुम्ही `journal_mode=WAL` लावलेलं असणार. त्याच्याबरोबर `synchronous=NORMAL` असेल तर वीज गेल्यावर शेवटचे काही व्यवहार मागे जाऊ शकतात. हे एसक्यूलाइटच्या माहितीपत्रातच लिहिलंय, त्यात दोष काही नाही. `FULL` करा आणि परत बघा. डिस्कला उगाच दोष देऊ नका.

मेधा_तासगाव

WAL आहे हे बरोबर. पण `synchronous` मी तपासलं होतं. `sqlite3` उघडून `PRAGMA synchronous;` विचारलं, उत्तर २ आलं, म्हणजे FULL.

जुना_सिस्टिमवाला

मेधाताई, इथे एक खाच आहे. `journal_mode=WAL` फाइलमध्येच नोंदलं जातं, त्यामुळे कुणीही उघडलं तरी ते लागू असतं. `synchronous` मात्र प्रत्येक जोडणीचं वेगळं असतं. तुम्ही कमांड लाइनवर विचारलंत ते त्या खिडकीपुरतं होतं. तुमचा पायथन प्रोग्राम कुठल्या पातळीवर चालतो ते त्या प्रोग्रामच्या आतूनच छापून पाहावं लागेल. विटेकरांची शंका रास्त आहे आणि परिषदेत पहिला हात वर होईल तो हाच प्रश्न घेऊन.

ते झालं की मला आणखी दोन गोष्टी हव्यात. पायवर डिस्क लावल्यानंतरच्या `dmesg` मधल्या cache शब्द असलेल्या ओळी, आणि `hdparm -W /dev/sda` काय म्हणतं ते.

कराडचे_गुरुजी

तासगावसारख्या गावात मुलगी घरी प्रयोगशाळा चालवते हे वाचून फार आनंद झाला. मी शाळेत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं काम केलं. एक विचारतो, घरात प्रयोगशाळेला ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा ना हरकत दाखला लागतो का? आणि पानांचे नमुने तपासायला सूक्ष्मदर्शक कुठला वापरता?

रेवती_वाई

गुरुजी, इथे होम लॅब म्हणजे घरात शिकण्यासाठी मांडलेले जुने संगणक. दोन पाय, एखादा डेस्कटॉप, राउटर, एवढंच. रसायनं नाहीत, त्यामुळे दाखला लागणार नाही.

कराडचे_गुरुजी

असं होय. मग माझा सल्ला तेवढाच, जो कुठल्याही प्रयोगाला लागतो. बदल एका वेळी एकच करावा. मुलीने खोकं बदललं आणि यंत्रही बदललं. फरक खोक्यामुळे पडला की यंत्रामुळे, ते यातून कसं कळणार?

जुना_सिस्टिमवाला

गुरुजींनी अगदी वर्मावर बोट ठेवलं. मी तेच लिहायला आलो होतो. पाय ते डेस्कटॉप या बदलात प्रोसेसर बदलला, कर्नल बदललं, वीजपुरवठा बदलला. पायच्या अडॅप्टरमध्ये वीज गेल्यावर जितका वेळ दम राहतो तितकाच डेस्कटॉपच्या एसएमपीएसमध्ये राहील असं नाही.

मेधा_तासगाव

गुरुजी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार.

प्रोग्रामच्या आतून छापून पाहिलं, २ च आलं. विटेकर दादा, तेवढी शंका मिटली. जुना_सिस्टिमवाला सर, तुम्ही मागितलेलं हे:

```
sd 0:0:0:0: [sda] No Caching mode page found
sd 0:0:0:0: [sda] Assuming drive cache: write through

/dev/sda:
 write-caching =  1 (on)
```

जुना_सिस्टिमवाला

सापडलं. या तीन ओळी एकत्र वाचल्या की तुमचं सगळं भाषण त्यात आहे. जरा सावकाश लिहितो.

हार्डडिस्कच्या आत थोडी स्मृती असते. लिहायला आलेली गोष्ट डिस्क आधी तिथे ठेवते, "घेतलं" म्हणते आणि नंतर सवडीने तबकडीवर उतरवते. यात गैर काही नाही. फक्त `fsync` आलं की कर्नलने डिस्कला "आता जवळ ठेवलेलं सगळं उतरव" असं सांगायचं असतं आणि ते उतरेपर्यंत थांबायचं असतं. एसक्यूलाइटचं `commit` या थांबण्यावर उभं आहे.

आता कर्नलला कसं कळणार की डिस्क जवळ ठेवते की सरळ उतरवते? डिस्क जोडताना ते एक पान मागतं, त्यात ही माहिती असते. तुमच्या खोक्यातल्या चिपने ते पान दिलंच नाही. पहिली ओळ तीच सांगते. मग कर्नलने गृहीत धरलं की ही डिस्क काहीच जवळ ठेवत नाही, सरळ तबकडीवर लिहिते. ती दुसरी ओळ. एकदा असं गृहीत धरलं की "उतरव" हा हुकूम पाठवायचं कारणच उरत नाही, म्हणून तो पाठवलाच जात नाही. आणि `hdparm` ने थेट डिस्कला विचारल्यावर ती म्हणते की मी जवळ ठेवते, माझं ते चालू आहे.

म्हणजे डिस्क खोटं बोललेली नाही. तिला कुणी विचारलंच नाही. खोकं गप्प बसलं आणि कर्नलने समजून घेतलं ते चुकीचं निघालं. तुमचं शीर्षक इथे पडतं.

विटेकर

मान्य, माझा नेम चुकला. पण मग ८४० चा आकडा आधीच ओरडून सांगत होता की. लॅपटॉपची डिस्क ५४०० फेऱ्यांची असणार.

जुना_सिस्टिमवाला

अगदी. ५४०० भागिले ६०, सेकंदाला ९० फेऱ्या. एकामागून एक `commit`, प्रत्येक तबकडीवर उतरल्याशिवाय पुढचा नाही, अशी अट असेल तर साधारण फेरीला एक या हिशेबाने ९० च्या वर जाताच येत नाही. ext4 ला स्वतःच्या जर्नलमध्येही लिहावं लागतं, म्हणून प्रत्यक्षात २१ वगैरे येतं. ८४० आले म्हणजे तबकडीला हात न लावताच "झालं" म्हटलं गेलं. वीज न तोडता कळणारी ही खूण आहे, आणि श्रोत्यांपैकी कुणीही घरी जाऊन पाच मिनिटांत तपासू शकेल. पोस्टग्रेस असेल तर त्याच्याबरोबर `pg_test_fsync` येतं, त्यातही हा आकडा मिळतो.

आता गुरुजींच्या एका बदलाकडे येऊ. पाय तोच, खोकं तेच, डिस्क तीच ठेवा. फक्त कर्नलचं गृहीतक बदला:

```
cat /sys/class/scsi_disk/0:0:0:0/cache_type
echo "temporary write back" | sudo tee /sys/class/scsi_disk/0:0:0:0/cache_type
```

`temporary` हा शब्द गाळू नका. तो असला की कर्नल फक्त स्वतःची समजूत बदलतं. नसला तर ते डिस्कची सेटिंग बदलायला जातं, आणि हे खोकं ते ऐकेल असं वाटत नाही. मग वेग मोजा. वेग पडला तर हुकूम डिस्कपर्यंत पोचतोय. ८४० च राहिला तर खोकं हुकूम गिळून वरच्या वर "झालं" म्हणतंय. तसं असेल तरच "खोटं बोलतं" हा शब्द वापरा, आणि तोही खोक्याबद्दल.

मिरजेचा_सुहास

माझंही असंच झालं असावं. आमच्या दूध संकलन केंद्रात वजनाच्या नोंदी पेनड्राइव्हवर जायच्या. एका सकाळी साठ-सत्तर शेतकऱ्यांची नोंदच नाही. पावत्या छापलेल्या होत्या म्हणून निभावलं, नाहीतर भांडणं झाली असती. वरचं वाचून मी `kill -9` करून पाहिलं, दहा वेळा. एकदाही काही हरवलं नाही. मग माझा पेनड्राइव्ह चांगला म्हणायचा का?

जुना_सिस्टिमवाला

सुहासराव, `kill -9` ने प्रोग्राम मरतो, कर्नल जिवंत राहतं. प्रोग्रामने लिहिलेलं कर्नलच्या हातात असतं आणि ते यथावकाश उतरवतं. त्यामुळे त्या चाचणीत काही हरवणारच नाही, डिस्क कशीही असो. साधं रीबूट केलं तरी तेच, कारण डिस्कची वीज जात नाही. वीजच तोडावी लागते. आणि डिस्कची वीज गेली याची खात्री करावी लागते. ३.५ इंची डिस्कच्या खोक्याला वेगळा अडॅप्टर असतो. फक्त पाय बंद केला तर डिस्क आरामात आपलं उरलेलं उतरवते आणि चाचणी खोटीच पास होते.

मेधा_तासगाव

माझ्या खोक्याला वेगळा अडॅप्टर नाही, यूएसबीतूनच वीज घेतं. पण "गेली" हे सिद्ध कसं करू?

जुना_सिस्टिमवाला

`smartctl -A -d sat /dev/sda` मध्ये १९२ क्रमांकाची ओळ बघा, `Power-Off_Retract_Count`. वीज अचानक गेली की डिस्क डोकं घाईने मागे घेते आणि तो आकडा वाढतो. तुमच्या २० तोडण्यांत तो २० ने वाढला असेल तर प्रत्येक वेळी डिस्कची वीज खरोखर गेली. हा पुरावा परीक्षकांना आवडेल.

सज्जनगड_पायथा

ताई, एवढ्या वेळा वीज तोडून डिस्क खराब होणार नाही का? त्यावर बागेची माहिती असेल तर आधी काढून ठेवा हो.

मेधा_तासगाव

काढून ठेवलीय. चाचणीसाठी वेगळी डिस्क आहे, रिकामी.

रेवती_वाई

मी दोन वर्षं एका परिषदेसाठी प्रस्ताव वाचायच्या गटात होते, त्या बाजूने लिहिते.

मेधा, "सगळ्यांना ठाऊक आहे का" या प्रश्नात अडकू नकोस. कर्नलवर काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. पायला यूएसबी डिस्क लावून घरी काहीतरी चालवणाऱ्यांना बहुधा नाही, आणि सभागृहात तेच बसलेले असतात. आमच्यापुढे अडचण वेगळीच यायची. दहापैकी सहा प्रस्तावांत काय सापडलं तेच लिहिलेलं नसायचं. "या भाषणात आपण स्टोरेजच्या विश्वासार्हतेचा प्रवास पाहू" असं काहीतरी. वाचणाऱ्याला एका बसणीला साठ-सत्तर प्रस्ताव वाचायचे असतात. पहिल्या तीन ओळींत १६ पैकी २० आणि ८४० विरुद्ध २१ हे आकडे दिसले तर तो थांबतो.

शीर्षकाबद्दल मात्र मी सरांच्या पूर्ण बाजूने नाही. "तुमची यूएसबी डिस्क खोटं बोलते" लक्षात राहतं. सविस्तर वर्णनात खरं काय ते सांगता येईल.

जुना_सिस्टिमवाला

नाही पटत. शीर्षकात जे म्हटलं ते दहाव्या मिनिटाला मागे घ्यायचं? माणूस पहिल्यांदा बोलतोय, त्याच्यावर श्रोत्यांचा विश्वास तेवढ्यावरच बसतो. आणि "२० पैकी १६" म्हणायचंय ना तुम्हाला.

रेवती_वाई

हो, २० पैकी १६. घाईत उलटं झालं. शीर्षकाचं मेधानेच ठरवावं, माझं मत तेच आहे.

विटेकर

मी गप्प बसणार नाही, माझ्या घरी तपासलं. यूएसबी खोक्यात एसएसडी आहे. सेकंदाला १९०० `commit`! म्हणजे माझंही गेलं की कामातून.

जुना_सिस्टिमवाला

थांबा. फेऱ्यांचा हिशेब फिरणाऱ्या तबकडीलाच लागू आहे. एसएसडीत फिरणारं काही नाही, ती खरंच उतरवूनही एवढा वेग देऊ शकते. तुमच्याबाबत आकड्यावरून काहीच ठरत नाही. `dmesg` ची ओळ बघा, आणि खात्री हवी तर वीज तोडा.

विटेकर

`Write cache: enabled, read cache: enabled, doesn't support DPO or FUA` असं आलंय.

जुना_सिस्टिमवाला

मग तुमच्या खोक्याने पान दिलं आणि कर्नलला खरं कळलंय. ते हुकूम पाठवतं. पुढे खोकं आणि एसएसडी तो पाळतात का, हे या ओळीवरून कळत नाही.

मेधा_तासगाव

काल रात्री दोन वाजेपर्यंत बसले. आईने दोनदा उठून विचारलं की बटणाशी काय खेळतेयस.

पाय तोच, खोकं तेच, डिस्क तीच. `temporary write back` लिहिल्याबरोबर वेग ८४० वरून २३ वर आला. ते बघताना अंगावर काटा आला, कारण हाताने एकच शब्द बदलला होता. म्हणजे हुकूम डिस्कपर्यंत जातोय आणि खोकं तो गिळत नाही. मग २० वेळा वीज तोडली. एकदाही नोंद हरवली नाही. १९२ क्रमांकाचा आकडा आधी ८७ होता, नंतर १०७ झाला, म्हणजे २० च्या २० वेळा डिस्कची वीज गेली.

डेस्कटॉपचा प्रयोग आता प्रस्तावातून काढूनच टाकते. त्याची गरज उरली नाही.

सर, एक राहिलं. डेटाबेस दोनदा `malformed` झाला तो का? नुसत्या शेवटच्या नोंदी गेल्या असत्या तर समजलं असतं.

जुना_सिस्टिमवाला

डिस्क जवळ ठेवलेलं आलेल्या क्रमाने उतरवत नाही, डोक्याला सोयीचं पडेल तसं उतरवते. WAL मध्ये नवीन नोंदी आधी वेगळ्या फाइलीत जातात. तिथे शेपूट तुटलं तर एसक्यूलाइट बेरीज ताडून ते सोडून देते, म्हणून बहुतेक वेळा नुसत्या नोंदी गेल्या. पण अधूनमधून त्या नोंदी मुख्य फाइलीत हलवून WAL परत पहिल्यापासून वापरायला घेतलं जातं. मुख्य फाइलीतली पानं तबकडीवर पोचायच्या आत WAL वर नवं लिहिलं गेलं आणि वीज गेली, तर जुनी प्रतही नाही आणि नवीही अर्धीच. त्या दोन वेळा असंच झालं असावं. पण हे माझं अनुमान आहे. ती बिघडलेली फाइल ठेवली आहेत का?

मेधा_तासगाव

नाही हो, पुसली. पुढची चाचणी घ्यायच्या नादात. प्रस्तावात मग "असं झालं, कारण तपासलेलं नाही" एवढंच लिहिते.

तारांगण

संख्याशास्त्र शिकवतो म्हणून थोडं बोलतो. "२० पैकी शून्य" याचा अर्थ "कधीच हरवत नाही" असा घेऊ नका. समजा खरी शक्यता शंभरात १४ वेळा हरवण्याची आहे. तरीही लागोपाठ २० वेळा काही न हरवण्याची शक्यता ०.८६ चा विसावा घात, म्हणजे साधारण ५ टक्के उरते. त्यामुळे एवढ्या चाचण्यांवरून "१४ टक्क्यांपेक्षा कमी" एवढंच जरा खात्रीने म्हणता येतं. मात्र २० पैकी १६ आणि २० पैकी शून्य यांतला फरक योगायोगाचा नाही, ते निर्धास्तपणे सांगा. ६० चाचण्या केल्यात तर ही मर्यादा ५ टक्क्यांच्या आसपास येईल.

मेधा_तासगाव

सर, हे मांडायला मला फार उपयोगी आहे. रविवारपर्यंत आणखी ४० वेळा तोडायचा प्रयत्न करते. एका वेळेला साधारण तीन मिनिटं जातात, म्हणजे दोन तास.

हळदबाजार

बरं, हे समजलं. पण उपाय काय सांगणार लोकांना? रोज लाइट आल्यावर तो शब्द टाइप करायचा का? वीज गेली की `temporary` पुसलं जात असेल ना?

मेधा_तासगाव

हो काका, पुसलं जातं. आता मी डिस्क माउंट होण्याच्या आधी ती ओळ लिहिणारी छोटी systemd सेवा लावली आहे. ती चालली नाही तर माउंटच होऊ द्यायची नाही, असं केलंय. किंमत ही की वेग २३ वर येतो. सेन्सरच्या साठलेल्या नोंदी एकेक `commit` करत बसले तर रांग लागते. म्हणून आता ५० नोंदी एका व्यवहारात लिहिते आणि त्या ५० ना एकदम "मिळालं" कळवते.

जुना_सिस्टिमवाला

उत्तम. दुसरा रस्ता `hdparm -W0`, म्हणजे डिस्कला "जवळ ठेवूच नकोस" असं सांगणं. मग कर्नलचं गृहीतक आपोआप खरं ठरतं. पण सगळंच लिहिणं मंदावतं, आणि वीज गेल्यावर ती सेटिंग टिकते की नाही ते डिस्क-डिस्कवर आहे. दोन्ही सांगा, निवड त्यांच्यावर सोडा.

मिरजेचा_सुहास

मंचावर प्रत्यक्ष वीज तोडून दाखवणार का? ते बघायला मी येईन.

रेवती_वाई

मेधा, पहिल्याच वेळेला वीज तोडून परत बूट करणं वगैरे मंचावर नको. पाय चालू व्हायला पाऊण मिनिट लागतं, तेवढा वेळ सभागृह तुझ्याकडे बघत राहतं. घरी रेकॉर्ड केलेलं दाखव. मंचावर करायचंच तर ८४० चे २३ होतात तेवढं कर. ते दहा सेकंदांत होतं आणि फसलं तरी पुढचं भाषण अडत नाही.

सज्जनगड_पायथा

भाषण मराठीत आहे का?

मेधा_तासगाव

नाही, प्रस्ताव इंग्रजीत द्यायचा आहे आणि बोलायचंही इंग्रजीत. त्याची धाकधूक आहेच. इथे मराठीत मांडते आणि मग भाषांतर करते. सारांश असा लिहिलाय:

"रास्पबेरी पाय, यूएसबी खोकं आणि ५४०० फेऱ्यांची हार्डडिस्क यांच्यावर एसक्यूलाइटने 'लिहिलं' म्हटलेल्या नोंदी वीज गेल्यावर २० पैकी १६ वेळा हरवल्या. खोकं डिस्कच्या अंतर्गत स्मृतीची माहिती देत नसल्याने लिनक्सने ती नाहीच असं गृहीत धरलं होतं. फक्त ते गृहीतक बदलल्यावर वेग सेकंदाला ८४० वरून २३ वर आला आणि पुढच्या २० वेळा काही हरवलं नाही. तुमच्या घरी असंच होतंय का, हे वीज न तोडता कसं ओळखायचं आणि वीज तोडून कसं पडताळायचं, ते दाखवेन. मी एकच डिस्क आणि एकच खोकं तपासलं आहे. एसएसडीबद्दल मी काही दावा करत नाही."

शीर्षक: "लिहिलं म्हणाली, पण लिहिलं नव्हतं: एका यूएसबी खोक्याची गोष्ट". रेवतीताई, तुमच्याएवढं लक्षात राहणारं नाही, पण मागे घ्यावं लागणार नाही असं आहे.

रेवती_वाई

सारांश छान झालाय. "एकच डिस्क आणि एकच खोकं" ही ओळ अजिबात काढू नकोस. शीर्षकातलं "गोष्ट" मला अजून सैल वाटतं.

जुना_सिस्टिमवाला

मला शीर्षक पटलं. माझ्याकडे वेगवेगळी तीन जुनी खोकी पडून आहेत, विश्रामबागला. शनिवारी सकाळी घेऊन जा. निदान `dmesg` ची ओळ कुठल्या खोक्यात येते आणि कुठल्यात नाही एवढं तरी मुदतीच्या आत पाहून होईल.

मेधा_तासगाव

येते सर, शनिवारी साडेदहाला. चाचणीची डिस्क बरोबर आणते.

कराडचे_गुरुजी

तिन्ही खोक्यांना एकच डिस्क वापर, बाळ. आणि प्रत्येक निरीक्षण तिथल्या तिथे वहीत लिही, वेळेसकट. बिघडलेली फाइल या वेळी पुसू नकोस.